एका वेळी किती नग? बॅच कॉस्टिंगमधला दिसणारा खर्च आणि न दिसणारा खर्च

एकच यंत्र, त्यावर आलटून पालटून चालणारे दहा-बारा जॉब, आणि प्रत्येक जॉब बदलताना दोन-अडीच तासांचे सेटिंग. भोसरी असो, शिरोली असो की अंबड, लहान मशीन शॉपचा दिवस बहुतेक असाच जातो. अशा शॉपमध्ये रोज एक प्रश्न पडतो : एकदा सेटिंग लागले की त्यावर किती नग काढायचे? सुपरवायझरचे म्हणणे असते, ‘लागलेच आहे तर तीन महिन्यांचे काढून टाकू.’ स्टोअरवाला म्हणतो, ‘ठेवू कुठे?’ मालकाला यातली एक बाजू कॉस्ट शीटवर दिसते. दुसरी दिसते ती वर्षअखेरीस, बँकेच्या व्याजात.

बॅच कॉस्टिंगच्या पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला एका ओळीचे सूत्र आहे आणि कॉस्टिंगचा विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतो. सूत्र बरोबरच आहे. अडचण येते ती त्यात घालायच्या आकड्यांची, कारण हे आकडे बॅचच्या हिशेबातून जसेच्या तसे मिळत नाहीत. त्यामुळे या लेखात सूत्राचा उगम, एक पूर्ण सोडवलेले उदाहरण, आकडे कुठे फसवतात आणि सूत्र कुठे अपुरे पडते, हे क्रमाने पाहू.

बॅचची शीट काय सांगते

बॅच कॉस्टिंग हा जॉब कॉस्टिंगचाच एक प्रकार. फरक एवढाच की एका नगाऐवजी एकसारख्या नगांचा गट हा हिशेबाचा घटक धरतात. प्रत्येक बॅचला नंबर मिळतो, त्या नंबरावर माल, मजुरी, यंत्राचे तास आणि सेटिंगचा खर्च चढतो, आणि एकूण रकमेला चांगल्या नगांच्या संख्येने भागले की नगाचा खर्च निघतो.

उदाहरणासाठी पंपाला लागणारी ओतीव लोखंडाची एक फ्लँज घेऊ. आकडे कल्पित आहेत आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून मुद्दाम सोपे ठेवले आहेत. ग्राहकाला वर्षाला २४,००० नग लागतात. वर्षात कामाचे ३०० दिवस, म्हणजे दिवसाला ८०. कास्टिंग ७० रुपयांना येते. सीएनसी लेथवर एका नगाला ३ मिनिटे लागतात. यंत्राचा तासाचा दर ४०० रुपये धरला तर मशीनिंगचे २० रुपये होतात. बर काढणे, धुणे, तपासणी, तेल लावणे आणि पॅकिंग यांचे ३० रुपये. सेटिंग सोडून नगाचा खर्च झाला १२० रुपये.

आता सेटिंग. चकचे जॉ बदलणे, टूल लावणे, ऑफसेट घेणे, पहिला नग काढून तो पास करून घेणे, या सगळ्याला अडीच तास लागतात. तेवढा वेळ यंत्र अडते, त्याचे ४०० च्या दराने १,००० रुपये. सेटरचे तासाला १८० प्रमाणे ४५० रुपये. ट्रायलचे पाच नग वाया जातात. भंगाराचे पैसे वजा जाता नगामागे ६० रुपये, म्हणजे ३०० रुपये. पहिल्या नगाच्या तपासणीचे २५० रुपये. एकूण २,००० रुपये.

बॅच ५०० नगांची असेल तर नगावर सेटिंगचे ४ रुपये पडतात आणि शीटवर १२४ रुपये दिसतात. १,००० ची बॅच १२२ रुपयांना पडते, २,००० ची १२१ ला, आणि ६,००० ची १२० रुपये ३३ पैशांना. बॅच जितकी मोठी, तितका नग स्वस्त. शीटवर हा आकडा खाली खालीच जातो, कुठल्याही टप्प्यावर वर वळत नाही. फक्त शीट पाहून निर्णय घेणारा माणूस वर्षाचा सगळा माल एकाच बॅचमध्ये काढील, आणि शीट त्याला शाबासकी देईल.

याचे कारण हिशेबाच्या रचनेतच आहे. सेटिंगचा खर्च बॅच चालू असताना होतो, म्हणून तो बॅचच्या नंबरावर चढतो. माल सांभाळण्याचा खर्च बॅच बंद झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत शीट फाईलमध्ये गेलेली असते. शिवाय लेखामानकेही त्याला शीटबाहेरच ठेवतात. भारतातील लेखामानक २ नुसार साठवणुकीचा खर्च मालाच्या मूल्यात धरायचा नाही. पुढच्या उत्पादन टप्प्याआधी माल साठवणे प्रक्रियेसाठी आवश्यकच असेल तेवढा अपवाद. कर्जावरचे व्याजही सर्वसाधारणपणे मालाच्या किमतीत मिळवत नाहीत. ताळेबंदासाठी हा नियम योग्य आहे. पण त्यामुळे बॅच ठरवताना लागणाऱ्या दोन खर्चांपैकी एक कागदावर येतो आणि दुसरा गोडाऊनचे भाडे, बँकेचे व्याज, विमा, ‘किरकोळ नुकसान’ अशा चार खात्यांत विखुरला जातो.

सूत्र कुठून आले

या दोन्ही खर्चांना पहिल्यांदा एका समीकरणात बसवले ते फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी इंजिनिअरने. १९१३ साली ‘फॅक्टरी’ या व्यवस्थापनविषयक मासिकात त्याचा एक छोटा लेख आला. एका वेळी किती भाग बनवावेत, हाच त्याचा प्रश्न होता. १९१८ मध्ये टाफ्टने त्यात उत्पादनाच्या वेगाचा विचार आणला. जर्मनीत १९२९ मध्ये आंडलरने हेच सूत्र मांडले, म्हणून तिकडे ते त्याच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत १९३४ च्या आर. एच. विल्सनच्या लेखामुळे अनेक पुस्तकांत ते ‘विल्सनचे सूत्र’ झाले. मूळ लेख मधली कित्येक वर्षे विस्मृतीत गेला होता. डोनाल्ड अर्लेनकॉटर या अभ्यासकाने १९९० मध्ये या शोधाचा इतिहास लिहिला आणि श्रेय हॅरिसकडे परत गेले.

सूत्रामागची कल्पना सरळ आहे. वर्षाची मागणी D, एका सेटिंगचा खर्च S, एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च C आणि बॅचचा आकार Q मानू. वर्षात D/Q वेळा सेटिंग होईल, त्याचा खर्च D/Q × S. साठा Q पासून शून्यापर्यंत उतरतो, म्हणजे सरासरी निम्मा असतो. त्याचा खर्च Q/2 × C. बॅच वाढवली की पहिला खर्च उतरतो, दुसरा चढतो. दोन्ही समान होतात तिथे बेरीज सर्वांत कमी असते, आणि तो आकार असा निघतो :

EBQ = √(2DS/C)

आपल्या फ्लँजसाठी ठेवण्याचा खर्च नगाच्या किमतीच्या २० टक्के धरू : बँकेचे व्याज ११ टक्के, जागा आणि रॅक ३ टक्के, गंज, पुन्हा सफाई आणि हाताळणीतली मोडतोड ३ टक्के, ड्रॉइंग बदलून माल निकामी होण्याची जोखीम ३ टक्के. १२० रुपयांवर २० टक्के म्हणजे C झाला २४ रुपये. सूत्रात घातले तर २ × २४,००० × २,००० भागिले २४, म्हणजे चाळीस लाख, आणि त्याचे वर्गमूळ २,०००. महिन्याला एक बॅच. वेगवेगळ्या आकारांचा वर्षाचा खर्च असा येतो :

| बॅच (नग) | सेटिंगचा खर्च (₹) | ठेवण्याचा खर्च (₹) | एकूण (₹) |
|---|---|---|---|
| ५०० | ९६,००० | ६,००० | १,०२,००० |
| १,००० | ४८,००० | १२,००० | ६०,००० |
| २,००० | २४,००० | २४,००० | ४८,००० |
| ४,००० | १२,००० | ४८,००० | ६०,००० |
| ६,००० | ८,००० | ७२,००० | ८०,००० |

सुपरवायझरच्या म्हणण्याप्रमाणे तीन महिन्यांचा माल, म्हणजे ६,००० नग, एकदम काढले तर सेटिंगचे १६,००० रुपये खरोखर वाचतात. शीटवर नग ६७ पैशांनी स्वस्त झालेला दिसतो, तो याचमुळे. पण ठेवण्याचा खर्च ४८,००० रुपयांनी वाढतो, आणि वर्षाला ३२,००० रुपयांचा तोटा कुठल्याही शीटवर न येता होऊन जातो.

उत्तर बोथट असते, आणि ते बरेच आहे

तक्त्यातला मधला भाग नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. २,००० ऐवजी २,४०० ची बॅच घेतली तर एकूण खर्च ४८,८०० रुपये होतो. आकारात २० टक्के चूक, खर्चात दोन टक्क्यांहून कमी फरक. आकार दीडपट केला तरी ५२,००० रुपये, म्हणजे सुमारे ८ टक्के जास्त. दुप्पट किंवा निम्मा केल्यावर मात्र २५ टक्क्यांची वाढ दिसते. खर्चाचा आलेख तळाशी पसरट असतो, टोकदार नसतो.

याचा पहिला फायदा असा की, S आणि C यांचे आकडे पैशापर्यंत बिनचूक असण्याची गरज उरत नाही. समजा, सेटिंगचा खर्च चुकून दुप्पट धरला. वर्गमूळामुळे बॅच दुप्पट होत नाही, १.४१ पट होते. आणि प्रत्यक्ष खर्च फक्त ६ टक्क्यांनी वाढतो. दुसरा फायदा म्हणजे उत्तर सोयीच्या आकड्याला आणता येते : ट्रेमध्ये ५० नग बसत असतील तर ५० च्या पटीत, फाउंड्री एका हीटमध्ये जेवढे कास्टिंग देते तेवढे, किंवा टूलचा इन्सर्ट बदलण्याआधी जेवढे नग निघतात तेवढे. ‘सूत्राने १,८९७ आले’ म्हणून १,८९७ नगच काढणाऱ्याला सूत्र समजलेले नाही.

मात्र हा पसरटपणा सगळ्याच चुका माफ करत नाही. तीन महिन्यांची बॅच ही तिप्पट चूक आहे, आणि तिथे आलेख चांगलाच वर गेलेला असतो. शिवाय जे खर्च सूत्रात येतच नाहीत, ते बहुतेक मोठ्या बॅचच्या विरुद्ध बाजूचे असतात. बोअर दोन शतांश मिलिमीटरने मोठा झाला आणि ते ग्राहकाच्या असेंब्लीवर कळले, तर तोवर काढलेली सगळी बॅच संशयात येते. २,००० नग पुन्हा मोजणे आणि ६,००० नग पुन्हा मोजणे यांत फार फरक आहे. एक जॉब दिवसेंदिवस यंत्र अडवून बसला की दुसऱ्या जॉबची डिलिव्हरी चुकते, तेही सूत्राला दिसत नाही. म्हणून दोन आकारांत खर्चाचा फरक नगण्य असेल तर लहान आकाराकडे झुकणे शहाणपणाचे.

सेटिंगचा खर्च : कोणता खरा?

या विषयात सर्वांत जास्त गफलत इथे होते. आपल्या उदाहरणात सेटिंगच्या २,००० रुपयांतले १,००० रुपये यंत्राच्या तासाच्या दरातून आले. त्या दरात घसारा, विमा, शेडचे भाडे, ऑपरेटरचा पगार असे सगळे असते. सेटिंग एकदा कमी केले म्हणून घसारा थांबत नाही आणि भाडेही कमी होत नाही. बॅचचा आकार ठरवताना प्रश्न एवढाच असतो : एक सेटिंग वाढले तर खिशातून जादा काय जाईल, किंवा हातातून काय निसटेल?

याचे उत्तर यंत्राच्या कामाच्या भरण्यावर अवलंबून आहे. यंत्र आठवड्यातून दोन दिवस रिकामे उभे राहत असेल, तर सेटिंगच्या अडीच तासांनी काहीच हातचे जात नाही. सेटर, ट्रायलचे नग आणि तपासणी एवढाच खर्च उरतो, म्हणजे १,००० रुपये, आणि आर्थिक बॅच येते १,४१४ ची. सेटर पगारी आहे आणि त्याच्याकडेही वेळ आहे असे असेल, तर त्याचे ४५० रुपयेही वगळावे लागतील. उलट यंत्र पूर्ण भरलेले असेल आणि बाहेरचे जॉबवर्क परत पाठवावे लागत असेल, तर वाया गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत म्हणजे त्या जॉबवर्कमधून सुटणारे पैसे. ते तासाला ७०० रुपये असतील तर अडीच तासांचे १,७५० रुपये होतात, सेटिंगचा खर्च २,७५० आणि बॅच २,३४५ ची. पुस्तकातला ४०० रुपयांचा दर मंदीत जास्त असतो आणि तेजीत कमी. दोन्ही वेळी तो चुकतोच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. एका भागाची आर्थिक बॅच कायमची कोरून ठेवायची नसते. तेच यंत्र, तोच नग, तेच सेटिंग, तरी सीझनमध्ये आणि मंदीत उत्तर वेगळे येते. ईआरपीमध्ये बॅचचा आकार एकदा भरून वर्षानुवर्षे तसाच ठेवलेला असेल, तर तो आकडा कुठल्या परिस्थितीत भरला होता हे विचारावे.

ठेवण्याचा खर्च : किती पैसे खरोखर अडकतात?

दुसऱ्या बाजूची गफलत उलटी आहे. सेटिंगचा खर्च फुगवून धरतात, तसा ठेवण्याचा खर्च अनेकदा आखडून धरतात. नुसते बँकेचे व्याज लावून मोकळे होतात. कॅश क्रेडिटचे व्याज हा त्यातला सर्वांत सोपा भाग. ओतीव लोखंडाला पावसाळ्यात गंज धरतो, तेल पुसून पुन्हा लावावे लागते. पेट्या हलवताना कडा फुटतात. आणि सर्वांत मोठी जोखीम म्हणजे ग्राहकाचे ड्रॉइंग रिव्हिजन. छिद्रांचा पिच सर्कल बदलला की शिल्लक नग भंगाराच्या भावाने जातात. ज्या भागाचे ड्रॉइंग वर्षातून एक-दोनदा बदलते, त्याला ३ टक्के जोखीम धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

पण टक्केवारी कशावर लावायची हाही प्रश्न आहे. आपण १२० रुपयांवर लावली, कारण कास्टिंग बॅचपुरतेच मागवतो असे गृहीत धरले. समजा फाउंड्रीकडून तीन महिन्यांचे कास्टिंग एकदम घ्यावेच लागते. मग ७० रुपये तसेही अडकलेले आहेत, नग मशीन झालेला असो की कच्चा. बॅच मोठी केल्याने जादा अडकतात ते फक्त मशीनिंग आणि पुढच्या कामाचे ५० रुपये, आणि बॅचचा C बराच खाली येतो. जागेचेही तसेच. शेड आपलीच असेल आणि कोपरा रिकामा असेल तर जागेचे ३ टक्के खरे नाहीत. पण बाहेर गोडाऊन भाड्याने घ्यायची वेळ आली की ते एकदम खरे होतात. दोन्ही बाजूंना कसोटी एकच : हा निर्णय बदलला तर हा रुपया बदलतो का? बदलत नसेल तर तो सूत्रात नको, मग शीटवर असो वा नसो.

उत्पादनाचा वेग कधी धरायचा

मूळ सूत्र असे गृहीत धरते की सगळी बॅच एका क्षणी साठ्यात येते. प्रत्यक्षात आपले यंत्र तासाला २० नग काढते. दोन शिफ्टमध्ये १६ तास चालले तर दिवसाला ३२०. त्याच दिवशी ८० नग बाहेरही जातात. साठा दिवसाला २४० ने वाढतो, म्हणजे तो बॅचच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच चढतो. टाफ्टने केलेली दुरुस्ती हीच. C ला १ उणे मागणीचा वेग भागिले उत्पादनाचा वेग याने गुणायचे, आपल्याकडे ०.७५ ने. बॅच २,००० वरून सुमारे २,३१० होते.

ही दुरुस्ती लावण्याआधी एक गोष्ट पाहिली पाहिजे : बॅच चालू असताना तयार नग खरोखर ग्राहकाकडे जातात का? पूर्ण बॅचची अंतिम तपासणी झाल्याशिवाय माल हलत नसेल, किंवा सगळे नग एकत्र प्लेटिंगला जात असतील, तर ग्राहकाच्या दृष्टीने ते एकदमच येतात, आणि वेगाची दुरुस्ती लावणे चूक ठरते. उलट पुढची बॅच तयार होईपर्यंत मागणी भागवायला जुना साठा लागतो, तो वेगळा ठेवावा लागतो.

एका यंत्रावर अनेक जॉब

इथपर्यंत आपण फ्लँज एकटीच असल्यासारखा हिशेब केला. खऱ्या शॉपमध्ये यंत्राचे तास मोजके असतात. दोन शिफ्टमध्ये वर्षाला ४,८०० तास मिळतात. समजा, सगळ्या जॉबच्या मशीनिंगला ४,४०० तास लागतात, दुरुस्ती आणि देखभालीला २०० तास. सेटिंगसाठी उरले २०० तास, म्हणजे अडीच तासांची ८० सेटिंग. प्रत्येक जॉबची आर्थिक बॅच वेगवेगळी काढून बेरीज केली तर वर्षात १०० सेटिंग लागतात. यंत्र पुरणार नाही.

सर्व जॉबची सेटिंग साधारण सारखीच असतील तर सोपा मार्ग म्हणजे सगळ्या बॅच सव्वापट करायच्या. १०० ची ८० होतात. फ्लँज २,५०० वर जाते आणि तिचा खर्च ४९,२०० होतो, म्हणजे फक्त अडीच टक्के जास्त. तळाचा पसरटपणा इथे उपयोगी पडतो. याच गोष्टीकडे उलट बाजूनेही पाहता येते : २,५०० हे उत्तर यायला सेटिंगचा खर्च ३,१२५ रुपये हवा, बाकीचे १,००० वजा केले तर यंत्राच्या तासाची किंमत ८५० रुपये निघते. म्हणजे तास कमी पडताहेत हे एकतर तासाच्या चढ्या किमतीतून सूत्रात येते, नाहीतर शेवटी बॅच वाढवून येते. दोन्ही एकदम करू नये. तसे केले तर एकाच टंचाईचे पैसे दोनदा मोजले जातात. आणि तासाची किंमत ८५० रुपये निघाली असेल, तर ओव्हरटाइमचा जादा खर्च त्याहून कमी आहे का, हे आधी पाहावे.

मागणी सारखी नसेल तेव्हा

दिवसाला ८० नग हा सरासरीचा आकडा. ग्राहकाचे शेड्यूल मात्र महिन्या-महिन्याला उड्या मारते. १९५८ मध्ये वॅग्नर आणि व्हिटिन यांनी अशा मागणीसाठी अचूक पद्धत दिली; पण ती हाताने करणे किचकट. १९७३ मध्ये सिल्व्हर आणि मील यांनी सुचवलेला मार्ग शॉपमध्ये कॅल्क्युलेटरवर जमतो. एकेक पुढचा महिना बॅचमध्ये मिळवत जायचे आणि महिन्याचा सरासरी खर्च वाढायला लागला की थांबायचे.

समजा चार महिन्यांची मागणी ८००, ६००, ३,००० आणि ५०० आहे. नग महिनाभर ठेवायला २ रुपये लागतात. फक्त पहिल्या महिन्याची बॅच काढली तर महिन्याला खर्च २,००० रुपये. दुसरा महिना मिळवला तर ६०० नग एक महिना ठेवावे लागतात, १,२०० रुपये; एकूण ३,२०० आणि महिन्याला १,६००. तिसरा मिळवला तर ३,००० नग दोन महिने पडून राहतात, त्याचे १२,०००. महिन्याची सरासरी पाच हजारांवर जाते. म्हणून थांबा : पहिली बॅच १,४०० ची. पुढची तिसऱ्या महिन्यापासून सुरू. त्यात चौथ्याचे ५०० मिळवले तर सरासरी २,००० वरून १,५०० होते, म्हणजे मिळवावेत. ही पद्धत नेहमीच सर्वोत्तम उत्तर देते असे नाही. पण सरासरी मागणीवर २,००० चा ठोकळा लावण्यापेक्षा ती बरी, कारण मोठ्या मागणीच्या महिन्याच्या दाराशी ती आपोआप नवे सेटिंग लावते.

S हा दैवी आकडा नाही

या सगळ्या चर्चेत सेटिंगचा खर्च आपण दिलेला आहे असे धरले. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी या गृहीतकालाच हात घातला. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसच्या सेटिंगला चार तास लागत. शिंगो यांनी ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणल्याचे लिहिले आहे. त्यांच्या पद्धतीचे सार असे की, सेटिंगमधली जी कामे यंत्र चालू असतानाही करता येतात ती आधीच उरकायची, आणि उरलेल्या कामांत जुळवाजुळव करत बसावे लागू नये अशी सोय करायची.

आपल्या लेथवर याचा अर्थ साधा आहे. पुढच्या जॉबचे जॉ आधी बोअर करून आणि टूल होल्डरमध्ये लांबी मोजून ट्रॉलीवर तयार ठेवायचे. प्रोग्राम आधीच तपासलेला असावा. कास्टिंग यंत्राजवळ आणलेले असावे. समजा त्यामुळे सेटिंग अर्ध्या तासात होऊ लागले. यंत्राचे २०० रुपये, सेटरचे ९०, एका ट्रायल नगाचे ६०, तपासणीचे १५०, एकूण ५००. खर्च चौथाई झाला, तर बॅच निम्मी म्हणजे १,००० होते आणि वर्षाचा एकूण खर्चही निम्मा, २४,००० रुपये.

इथे नेहमी एक चूक घडते. सेटिंग जलद होते, पण बॅच २,००० चीच राहते. मग सेटिंगचे १८,००० वाचतात आणि ठेवण्याचे २४,००० तसेच राहतात, एकूण ३०,०००. उरलेले ६,००० रुपये मिळवायला बॅचचा आकारही खाली आणावा लागतो, आणि ते काम टूलरूमचे नसून नियोजनाचे आहे.

शीटवर एक ओळ

बॅच चुकीच्या आकाराची आहे हे ओळखायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. मोठ्या बॅचची खूण म्हणजे एका भागाचे ट्रे तीन महिने पडून आणि दुसऱ्या भागासाठी ग्राहकाचे फोन. लहान बॅचची खूण म्हणजे सेटर सतत धावतो आहे आणि यंत्राचे तास मात्र भरत नाहीत. पण खुणा दिसेपर्यंत पैसे गेलेले असतात, म्हणून हिशेबातच सोय केलेली बरी.

सोय छोटी आहे. आर्थिक खात्यांचा नियम मोडायचा नाही. ताळेबंदातले मूल्य तसेच राहील. बॅचच्या शीटखाली, बेरजेच्या रेघेनंतर, निर्णयापुरती एक ओळ वाढवायची : या आकाराच्या बॅचमध्ये नगावर ठेवण्याचा सरासरी खर्च किती. तो बॅचच्या निम्म्याला C ने गुणून वर्षाच्या मागणीने भागला की मिळतो; फ्लँजसाठी बॅचला २,००० ने भागले की झाले. मग ६,००० च्या शीटवर सेटिंगचे ३३ पैसे आणि त्याखाली ठेवण्याचे ३ रुपये दिसतील. ५०० च्या शीटवर सेटिंगचे ४ रुपये आणि ठेवण्याचे २५ पैसे. २,००० च्या शीटवर दोन्हीकडे एकेक रुपया. सूत्र न आठवणाऱ्या सुपरवायझरलाही या दोन आकड्यांतला मोठा कोणता हे कळते : सेटिंगचा मोठा असेल तर पुढची बॅच वाढवायची, ठेवण्याचा मोठा असेल तर कमी करायची, आणि दोन्ही जवळपास असतील तर बॅचला हात न लावता सेटिंगचा वेळ कमी करण्याच्या मागे लागायचे.